बाण दाबला आणि अक्षरं उमटली

लिनक्सच्या टर्मिनलवर काम करणाऱ्याला वरच्या बाणाची सवय फार लवकर लागते. आधी दिलेली लांबलचक कमांड पुन्हा टाइप करायची नसते. वरचा बाण दाबला की ती समोर येते, त्यात एखादं अक्षर बदललं की काम झालं. पण कधी तरी उबुंटूच्या एखाद्या सर्व्हरवर `useradd` वापरून नवा वापरकर्ता तयार केला जातो, त्या नावाने लॉगिन केलं जातं, आणि वरचा बाण दाबल्यावर जुन्या कमांडऐवजी समोर हे दिसतं:

```
$ ^[[A
```

पुन्हा दाबलं तर आणखी एक `^[[A`. डावा बाण दाबला तर `^[[D`. नवख्या माणसाला वाटतं कीबोर्ड बिघडला, सर्व्हरशी जोडणी खराब झाली किंवा भाषेची सेटिंग चुकली. अनेक जण खिडकी बंद करून पुन्हा लॉगिन करतात, आणि पुन्हा तेच दिसतं.

खरं तर इथे काहीही बिघडलेलं नाही. कीबोर्ड बरोबर आहे, जोडणी बरोबर आहे, आणि उमटलेलं प्रत्येक चिन्ह ठरलेल्या नियमाने उमटलं आहे. वरच्या बाणाला नेहमी `A`, खालच्याला `B`, उजव्याला `C` आणि डाव्याला `D`. हजार वेळा दाबा, क्रम बदलणार नाही. यंत्र निरर्थक बडबडत असतं, तर इतकी शिस्त दिसली नसती. ही अक्षरं म्हणजे एक निरोप आहे. तो अचूक पोचला आहे, फक्त पलीकडे तो वाचणारं कोणी नाही.

निरोप नेमका काय आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. टर्मिनलमध्ये पुढची कमांड द्या, मग वरचा बाण एकदा दाबा, एंटर दाबा, आणि शेवटी कंट्रोल व डी या कळा एकत्र दाबा.

```
od -An -tu1
```

उत्तरात चार आकडे येतात:

```
  27  91  65  10
```

शेवटचा १० हा एंटरचा. म्हणजे बाणाने पाठवले ते तीनच: २७, ९१ आणि ६५. संगणकाच्या जुन्या अक्षरतक्त्यात, म्हणजे १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्कीमध्ये, ९१ म्हणजे `[` हा चौकोनी कंस आणि ६५ म्हणजे मोठा `A`. उरला २७. हे छापायचं अक्षरच नव्हे. त्याचं नाव एस्केप. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली Esc कळ दाबली की हाच एक आकडा जातो.

आता पहिला घोळ सुटतो. पडद्यावर चिन्हं चार दिसतात, पण पाठवलेले आकडे तीन आहेत, कारण `^[` ही दोन चिन्हं मिळून एकच एस्केप दाखवतात. न छापता येणारा आकडा दाखवायचा झाला तर त्यात ६४ मिळवायचे, येईल ते अक्षर लिहायचं आणि त्याच्यामागे `^` लावायचं, असा संकेत आहे. चालू कमांड थांबवताना पडद्यावर `^C` उमटतं ते याच संकेताने: कंट्रोल आणि सी मिळून ३ हा आकडा जातो, ३ अधिक ६४ म्हणजे ६७, आणि ६७ म्हणजे `C`. एस्केपचे २७ अधिक ६४ म्हणजे ९१, म्हणून तिथे `[` येतो. त्यामुळे `^[[A` मधला पहिला कंस खरा कंस नाही, तो एस्केपच्या चित्राचा भाग आहे. दुसरा कंस मात्र खराखुरा कंस. बॅकस्पेसने हे पडताळता येतं. नुसतं `cat` चालवून वरचा बाण दाबा आणि मग बॅकस्पेस तीनदा दाबा. पहिल्यांदा `A` जातो, दुसऱ्यांदा एक कंस जातो, आणि तिसऱ्यांदा `^[` ही दोन्ही चिन्हं एकदम पुसली जातात.

एवढं कळल्यावर आणखी एक गंमतशीर गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. ज्या शेलमध्ये बाण नीट चालतात, म्हणजे साधारणपणे बॅशमध्ये, बाणाला हात न लावता आधी Esc, मग `[`, मग मोठा `A` अशा तीन कळा एकामागोमाग दाबा. मागची कमांड समोर येते. बॅशच्या दृष्टीने बाणाची कळ अशी काही वस्तूच नाही. त्याला माहीत आहेत ते फक्त हे तीन आकडे, मग ते एका कळेतून येवोत की तीन कळांतून.

आता प्रश्न असा की एका कळेसाठी तीन आकडे कशाला? सरळ एक आकडा का नाही दिला?

कारण जागाच नव्हती. अ‍ॅस्कीमध्ये एकूण १२८ जागा. त्यांतल्या बहुतेक अक्षरं, अंक आणि विरामचिन्हांनी व्यापल्या, आणि उरलेल्या यंत्राला सूचना देण्यासाठी राखल्या: ओळ पुढे सरकवा, घंटा वाजवा, एक पाऊल मागे या. त्या काळात संगणकाशी बोलायचं यंत्र म्हणजे टेलेटाइप. ते कागदाच्या गुंडाळीवर छापत असे. छापलेल्या कागदावर एक ओळ वर जाऊन बदल करायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे ‘वर जा’ अशी सूचना तक्त्यात कोणी घातली नाही. पण पुढे नव्या सूचना लागतील, हे तक्ता करणाऱ्यांना दिसत होतं. आयबीएममधले बॉब बेमर यांनी एस्केपची कल्पना मांडली, ती यासाठीच. एस्केप दिसला की समजायचं, पुढचे आकडे मजकूर म्हणून छापायचे नाहीत, त्यांचा अर्थ वेगळा आहे. या एका आकड्यामुळे तक्त्याबाहेर कितीही सूचना रचता येऊ लागल्या.

आपल्याकडच्या तारखात्यात याच्या जवळची एक सोय होती. लग्नाच्या, दिवाळीच्या शुभेच्छांना क्रमांक दिलेले असत. पाठवणारा फक्त क्रमांक लिहून देई, तारेतून क्रमांकच जाई, आणि पलीकडचा तारबाबू यादी पाहून पूर्ण वाक्य लिहून काढी. त्या तारबाबूजवळ यादीच नसती, तर लग्नघरी शुभेच्छांच्या ऐवजी एक आकडा पोचला असता. तार चुकली असं कोणी म्हणालं नसतं, आणि त्या आकड्याला निरर्थकही म्हणता आलं नसतं.

सत्तरच्या दशकात कागदाऐवजी काचेचा पडदा असलेली टर्मिनल आली आणि कर्सर वर-खाली हलवणं शक्य झालं. सुरुवातीला प्रत्येक कंपनीने आपापली भाषा ठरवली. लिअर सिगलर कंपनीच्या १९७६ च्या एडीएम-३ए या टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. H, J, K आणि L या कळांवर बाण छापलेले होते आणि कंट्रोलबरोबर त्या दाबल्या की कर्सर हले. बिल जॉय यांनी `vi` हा संपादक याच टर्मिनलवर लिहिला, म्हणून आजही त्यात कर्सर हलवायला तीच चार अक्षरं चालतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७५ च्या व्हीटी-५२ मध्ये वरच्या बाणाला एस्केप आणि `A` अशी दोनच चिन्हं होती. `A`, `B`, `C`, `D` ही वर, खाली, उजवीकडे, डावीकडे अशी वाटणी तिथे दिसते.

मधला कंस आला तो प्रमाणीकरणातून. युरोपातल्या संगणक उत्पादकांच्या ईसीएमए या संघटनेने १९७६ मध्ये ईसीएमए-४८ हे प्रमाण प्रसिद्ध केलं. त्यात एस्केप आणि `[` ही जोडी म्हणजे ‘आता सूचना सुरू होते’ अशी खूण ठरली, आणि सूचना कुठे संपते हे शेवटच्या अक्षरावरून ओळखायचं ठरलं. या दोन टोकांच्या मध्ये आकडे घालायची मोकळीक मिळाली. एस्केप, `[`, `A` म्हणजे कर्सर एक ओळ वर. एस्केप, `[`, `5`, `A` म्हणजे पाच ओळी वर. १९७८ मध्ये डिजिटलनेच व्हीटी-१०० हे टर्मिनल याच पद्धतीवर आणलं आणि ते इतकं खपलं की पुढच्या टर्मिनलांनी त्याचीच नक्कल केली. आज आपण लॅपटॉपवर उघडतो ती टर्मिनलची खिडकी, मग ती लिनक्सवरची असो, मॅकवरची असो की विंडोजवरची, मुळात या व्हीटी-१०० चं सोंग घेतलेला प्रोग्रॅम आहे. ते लोखंडी यंत्र बहुतेकांनी पाहिलेलंही नसेल, पण त्याची भाषा रोज आपल्या बोटांखाली असते.

इथे लक्षात घेण्यासारखं म्हणजे ‘कर्सर वर ने’ ही सूचना संगणकाकडून टर्मिनलला जाते, आणि ‘वरचा बाण दाबला’ ही खबर टर्मिनलकडून संगणकाला जाते. दिशा उलट, पण चिन्हं तीच. म्हणजे बाणाने पाठवलेला निरोप जसाच्या तसा परत टर्मिनलकडे आला, तर कर्सर खरोखर वर जायला हवा. तो जातोही. पुढच्या दोन ओळी देऊन पाहा:

```
stty -echoctl
cat
```

आता वरचा बाण दाबला तर `^[[A` दिसत नाही. कर्सर पडद्यावर मोकळा फिरू लागतो. पाहून झालं की कंट्रोल-सी दाबून बाहेर या आणि `stty echoctl` देऊन सेटिंग पूर्ववत करा.

या प्रयोगातून खरा सूत्रधार सापडतो. टर्मिनलवर आपण टाइप केलेलं अक्षर दिसतं ते कीबोर्डमुळे नाही. ते अक्षर आधी संगणकाच्या कर्नलकडे जातं आणि कर्नल त्याचा प्रतिध्वनी पडद्याकडे परत पाठवतो. एरवी कर्नल एंटर दाबेपर्यंत ओळ स्वतःजवळ धरून ठेवतो, बॅकस्पेस आला तर अक्षर पुसतो आणि एंटरनंतर पूर्ण ओळ प्रोग्रॅमच्या हाती देतो. एवढंच त्याला येतं. इतिहास, मागची कमांड, ओळीच्या मध्ये जाऊन दुरुस्ती हे त्याच्या कामात बसत नाही. एस्केपचा आकडा तसाच परत पाठवला तर पडद्यावर गोंधळ होईल, म्हणून `echoctl` ही सेटिंग चालू असताना तो त्याचं `^[` असं चित्र काढून दाखवतो. उरलेले `[` आणि `A` साधी छापील अक्षरं आहेत, ती तशीच येतात. म्हणजे आपण ज्याला गचाळ अक्षरं म्हणतो, ती कर्नलने आपल्या सोयीसाठी वाचनीय करून दाखवलेली असतात.

मग बॅशमध्ये बाण चालतात ते कसे? बॅश प्रॉम्प्ट दाखवताना कर्नलला सांगतो की ओळ धरून ठेवू नकोस, प्रतिध्वनीही पाठवू नकोस, प्रत्येक आकडा आल्याबरोबर मला दे. मग बॅशच्या आतली रीडलाइन ही लायब्ररी २७, ९१, ६५ हे एकत्र वाचते, तिच्या यादीत त्याचा अर्थ ‘मागची कमांड’ असा सापडतो, आणि ती कमांड तीच पडद्यावर लिहिते. `useradd` ने केलेल्या वापरकर्त्याला उबुंटूवर सहसा `/bin/sh` हा शेल मिळतो, आणि तिथे `sh` म्हणजे डॅश नावाचा छोटा, वेगवान शेल असतो. तो स्क्रिप्ट चालवण्यासाठी बनवलेला आहे. त्याच्याजवळ ती यादी नाही. तो कर्नलला काही सांगत नाही, आणि म्हणून कर्नल आपल्या नेहमीच्या पद्धतीने `^[[A` काढून दाखवतो.

निरोप खरा असल्याचा सगळ्यात बोलका पुरावा मात्र बॅशमध्येच मिळतो. ही कमांड द्या:

```
sleep 10
```

दहा सेकंद संगणक काही करणार नाही. तेवढ्यात वरचा बाण एकदा दाबा. `^[[A` उमटेल, कारण या क्षणी बॅश बाजूला आहे आणि `sleep` कीबोर्डकडे बघत नाही. आता काहीही न करता थांबा. दहा सेकंद संपली की प्रॉम्प्ट येतो, आणि त्याच्यापुढे आपोआप `sleep 10` लिहिलेलं दिसतं. तुम्ही दाबलेला बाण वाया गेला नव्हता. ते तीन आकडे कर्नलजवळ रांगेत पडून होते. बॅश परत आला, त्याने ते उचलले, अर्थ लावला आणि मागची कमांड आणून ठेवली. ज्यांना आपण कचरा समजलो, तेच आकडे वाचणारा आल्यावर कामाला आले.

याच भाषेचा एक विचित्र अपभ्रंश उबुंटूवर `vi` वापरताना भेटतो. लिहिण्याच्या अवस्थेत असताना बाण दाबला की कर्सर हलत नाही, उलट एक नवी ओळ तयार होते आणि तिच्यात `A`, `B`, `C` किंवा `D` लिहिलं जातं. अनेकांची सेटिंग फाइल यात खराब होते. कारण समजून घेतलं तर तेही चोख निघतं. व्हीटी-१०० मध्ये बाणांची आणखी एक पद्धत होती, खास प्रोग्रॅमांसाठी. तिच्यात कंसाऐवजी मोठा `O` जातो: एस्केप, `O`, `A`. पूर्ण पडदा वापरणारे संपादक टर्मिनलला याच पद्धतीत टाकतात. उबुंटूबरोबर येणारी विमची छोटी आवृत्ती जुन्या `vi` शी जुळवून घेण्याच्या अवस्थेत चालते, आणि त्या अवस्थेत एस्केपने सुरू होणाऱ्या कळा लिहिताना ओळखल्या जात नाहीत. मग ती तिन्ही चिन्हं सुटी सुटी वाचते. एस्केप म्हणजे लिहिणं थांबव. `O` म्हणजे वर नवी ओळ उघड आणि लिहायला सुरुवात कर. आणि मग `A`, तो लिहिला जातो. संपादकाने प्रत्येक हुकूम तंतोतंत पाळलेला असतो. `.vimrc` या फाइलमध्ये `set nocompatible` ही ओळ टाकली किंवा विमची पूर्ण आवृत्ती बसवली की बाण पुन्हा बाण होतात.

या रचनेत एक खरी अडचण मात्र आहे, आणि ती सुटलेली नाही. Esc कळ नुसता २७ पाठवते, आणि बाणाची सुरुवातही २७ नेच होते. २७ आला की प्रोग्रॅमला कळत नाही की माणसाने Esc दाबली, की मागून `[A` येणार आहे. म्हणून तो थोडा वेळ थांबतो. तेवढ्यात काही आलं नाही तर Esc, आलं तर बाण. जोडणी संथ असेल आणि उरलेली दोन चिन्हं उशिरा पोचली, तर बाणाचे तुकडे होतात आणि मजकुरात `[A` घुसतं. एरवी व्यवस्थित चालणारे बाण फक्त दूरच्या सर्व्हरवर आणि अधूनमधून बिघडत असतील, तर संशय इथे घ्यावा.

बाकीच्या वेळी निदान सोपं आहे. कमांड चालू असताना `^[[A` दिसलं तर करण्यासारखं काही नाही, ते तसंच दिसायला हवं. `$` प्रॉम्प्टवर दिसलं तर `echo $0` देऊन शेल कोणता ते पाहा. उत्तर `sh` किंवा `-sh` आलं तर पुढची कमांड द्या, पासवर्ड द्या आणि पुन्हा लॉगिन करा:

```
chsh -s /bin/bash
```

पायथनच्या प्रॉम्प्टवर दिसलं तर तिथे `import readline` देऊन पाहा. एरर आली तर तो पायथन रीडलाइनशिवाय तयार झाला आहे. डेटाबेसशी बोलणाऱ्या काही जुन्या प्रोग्रॅमांत ही सोय मुळातच नसते. त्यांच्या नावाआधी `rlwrap` हा छोटा प्रोग्रॅम लावला की तो मध्ये बसून बाणांचा अर्थ लावतो.

आणि कोणाची मदत मागायची वेळ आली, तर ‘काहीतरी विचित्र येतंय’ एवढंच सांगू नका. पडद्यावर उमटलेली चिन्हं जशीच्या तशी उतरवून द्या. `^[[A` आणि `^[OA` यांत एकाच अक्षराचा फरक आहे, पण टर्मिनल बाणांच्या कोणत्या पद्धतीत आहे हे जाणकाराला त्या एका अक्षरावरून कळतं.